फोटो-प्रोजेक्टमध्ये अंध मित्राचं काम नक्की काय?

*ताई, आम्ही एस.वाय.बी.ए.ला आहोत, पाच जणांचा ग्रुप आहे. पर्यावरणाच्या प्रोजेक्टसाठी "आमच्या कॉलेज रोडवरची झाडं" हा विषय घेतलाय. फोटो काढायचे, नावं टाकायची, चार्ट करायचा आणि पीपीटी. ग्रुपमधल्या एका मित्राला जन्मापासून अजिबात दिसत नाही. तो म्हणतो मी सगळं टाइप करून देतो, तुम्ही फोटोंचं बघा. सर म्हणाले त्याचं नाव टाका, व्हायव्हात त्याला दोन प्रश्न विचारीन. मला हे पटत नाहीये. विषय बदलून "ध्वनिप्रदूषण" घेऊ का? की हाच ठेवून काही करता येईल? त्याला विचारायला पण ऑकवर्ड वाटतं. सबमिशनला पाच आठवडे आहेत. – ग्रुप लीडर, पुणे*

झाडं सोडू नकोस गं. ध्वनिप्रदूषण घेतलंस तर तो विषय फक्त त्याच्यासाठी घेतला हे त्याला पहिल्याच दिवशी कळेल, आणि त्यात अजून एक अडचण आहे, आवाज मोजायचा म्हणजे मीटरचा किंवा ॲपचा आकडा वाचायचा, तो पुन्हा स्क्रीनवरच असतो. मग त्याचा फायदा काय झाला?

तुमच्या आत्ताच्या विषयात झाडं ही अडचण नाहीये, अडचण आहे फोटोची. "कोणती झाडं आहेत आणि ती कशी दिसतात" असा प्रश्न घेतला की पुरावा फक्त डोळ्यांनीच गोळा होतो आणि फक्त डोळ्यांनीच वाचता येतो, मग ज्याला दिसत नाही त्याच्या वाट्याला टायपिंग येतं. म्हणून रस्ता तोच ठेवा, झाडं तीच ठेवा आणि प्रश्न बदला. माझ्या मते तुमच्यासाठी चांगला प्रश्न असा: आमच्या रस्त्यावरच्या झाडांच्या बुंध्याची काय अवस्था आहे? म्हणजे बुंध्याचा घेर किती, बुंध्याभोवती मोकळी माती किती उरलीये, खिळे किती ठोकलेत, तारा किंवा केबल आवळून बांधल्यात का. यातली प्रत्येक गोष्ट हाताने मोजता येते, आणि खरं सांगू का, खिळे मोजण्यात तर हात डोळ्यांपेक्षा जास्त कामाला येतो. त्यावर पुढे येतेच.

विषय हलकाही होत नाही. पुण्यात 'आंघोळीची गोळी' या संस्थेने खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवली होती. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबद्दल आदेश दिला होता की बुंध्याभोवतीचा एक मीटर भाग सिमेंट काँक्रीटमुक्त ठेवा. म्हणजे तुमच्याकडे ताडून बघायला एक माप पण आहे. "आमच्या रस्त्यावरच्या 40 झाडांपैकी किती झाडांना तो एक मीटर मिळतोय" हे वाक्य सरांना फोटोच्या अल्बमपेक्षा नक्की जास्त आवडेल, कारण त्यात उत्तर शोधायचंय.

आता विचारायचं ऑकवर्ड वाटतं त्याबद्दल. "तुला काय जमेल?" असं विचारू नकोस, त्यावर तो टायपिंगच म्हणणार, कारण शाळेपासून प्रत्येक ग्रुपमध्ये त्याच्याकडे तेच आलेलं असणार आणि कुणाला आपल्यामुळे त्रास नको म्हणून तो आधीच बाजूला होतो. त्यापेक्षा सरळ कामाचे प्रश्न विचार. मोबाइलवर टॉकबॅक वापरतोस का, लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे का, ब्रेल वाचतोस का, मराठी टायपिंग कशाने करतोस, एक्सेल शीट कधी हाताळलीयेस का. शेवटचे दोन फार महत्त्वाचे आहेत. ब्रेलचं तर गृहीत धरूच नकोस, बऱ्याच अंध मुलांचा अभ्यास आता ऑडिओ आणि स्क्रीन रीडरवरच चालतो, ब्रेल थोडंफारच वाचलं जातं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. टॉकबॅक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतं आणि विंडोजवरचं एनव्हीडीए फुकट आहे, ते ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रॅमरनी 2006 मध्ये सुरू केलं.

आणि नवीन प्रश्न ठरवायच्या मीटिंगला तो असलाच पाहिजे. तुम्ही चौघांनी ठरवून त्याला "तुझ्यासाठी आम्ही असं केलं" म्हणून सांगितलंत तर सगळं मुसळ केरात.

मोजायचं कसं

आधी सामान बघू. शिलाईची साधी टेप घ्या, 150 सेंटिमीटरची. तिच्या कडेला दर 5 सेंटिमीटरवर स्टेपलरची एक पिन मारा आणि दर 50 वर दोन पिना शेजारी शेजारी. पिनची गुळगुळीत बाजू वर राहू दे, टोकं मागे नीट दाबून वरून सेलोटेप लावा म्हणजे बोटाला टोचणार नाही. झाली हाताने वाचायची टेप. कुणीतरी म्हणेल की मग 163 की 164 ते कसं कळणार, तर ते कळायची गरजच नाहीये, कारण तुम्ही शेवटी झाडांचे 50 सेंटिमीटरचे गट करणार आहात, 50 ते 95, 100 ते 145 असे. त्यासाठी जवळच्या 5 सेंटिमीटरपर्यंतचं माप भरपूर झालं. फक्त हा नियम सगळ्यांसाठी ठेवा, दिसणाऱ्यांनीही 5 च्याच पटीत लिहायचं, नाहीतर अर्ध्या नोंदी एका अचूकतेच्या आणि अर्ध्या दुसऱ्या.

घेर सगळीकडे एकाच उंचीवर मोजायचा असतो, जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला. त्यासाठी 137 सेंटिमीटरची एक काठी कापून घ्या, ती बुंध्याला टेकवून उभी धरली की वरच्या टोकाला हात लावून त्याला उंची सापडते, दर वेळी कुणी दाखवायला नको. जुन्या झाडाला 150 ची टेप पुरणार नाही. तिथे सुतळीचा एक वेढा घ्यायचा, जिथे टोक जुळतं तिथे चिमटीत पकडायचं आणि मग सुतळी सरळ करून टेपवर मोजायची. वेढा घेताना मागच्या बाजूला सुतळी खाली घसरते आणि माप चुकतं, हे दिसणाऱ्यांच्या हातूनही सर्रास होतं, म्हणून एकाने मागून धरायची.

मोकळ्या मातीचं माप मला स्वतःला फार आवडतं कारण इथे त्याची पांढरी काठीच उपकरण होते. बुंध्यापासून बाहेरच्या दिशेने काठी टपटप करत नेली की मातीवर आवाज बसका येतो आणि पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटवर टणक येतो, आणि काठीच्या मुठीला लागणारा धक्काही बदलतो. ज्याला रोज काठीने चालायची सवय आहे त्याला ही कड तुमच्याइतकीच पटकन सापडेल, आणि आळं पालापाचोळ्याने भरलेलं असेल तर तुमच्या आधी सापडेल. कड सापडली की बुंध्यापासून तिथपर्यंत टेप लावायची. चारही बाजूंनी मोजा आणि त्यातलं सगळ्यात कमी माप लिहा.

आता खिळे. दोन माणसं दोन पद्धतीने मोजतील, एक डोळ्यांनी आणि तुझा मित्र हाताने, आणि दोघांनी आपापला आकडा एकमेकांना न सांगता तिसऱ्याला सांगायचा. पट्टा मात्र एकच हवा, गुडघ्यापासून ते हात वर केल्यावर पोचेल तिथपर्यंत. त्या पट्ट्याच्या वर असलेले खिळे वेगळ्या कॉलममध्ये, ते फक्त बघून मोजायचे. हाताने मोजताना बुंध्याची एक जागा खूण म्हणून धरायची, तिथे सुतळीचा तुकडा लटकवायचा, आणि बोटं पसरून तळव्याने वरून खाली, मग थोडं सरकून पुन्हा वरून खाली असं करत सुतळीपर्यंत परत यायचं. म्हणजे कुठलीही जागा सुटत नाही आणि एकच खिळा दोनदा मोजला जात नाही.

समजा सात नंबरचं झाड गुलमोहराचं आहे. घेर 165, मोकळी माती सगळ्यात कमी बाजूला 20 सेंटिमीटर. डोळ्यांनी खिळे आले 4 आणि हाताने आले 6. मग दोघांनी मिळून परत बघायचं. बहुतेक वेळा फरक असा निघतो की जुना गंजलेला खिळा सालीच्याच रंगाचा झालेला असतो, डोकं सालीच्या बरोबरीला आलेलं, किंवा पूर्वी बोर्ड होता तो गेला आणि खिळा तेवढा मागे राहिला. डोळा बोर्ड शोधतो, त्यामुळे बिनबोर्डाचा खिळा सुटतो. आणि उलटही होतं, सालीची कडक गाठ हाताला खिळा वाटते. म्हणून दोन्ही आकडे ठेवा, शिवाय तिसरा "पक्का आकडा" असा कॉलम ठेवा. अहवालात "पद्धत" या भागात हे जरूर लिहा की मोजणी दोन स्वतंत्र पद्धतींनी केली आणि इतक्या झाडांच्या बाबतीत फरक आला. संशोधनात ही चांगली सवय मानतात, आणि तुमच्याकडे ती तुमच्या मित्रामुळे आपोआप आलीये. सरांनी विचारलं "याचं योगदान काय" तर यापेक्षा सरळ उत्तर नाही.

सुरक्षेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. हात लावायच्या आधी जोडीदाराने बुंधा चारी बाजूंनी बघायचा. वायर, लायटिंगच्या माळा, मुंग्यांची रांग, सुरवंट, गांधीलमाशांचं पोळं. यातलं काही दिसलं तर त्या झाडाला हात लावायचाच नाही, "वायर आहे, हाताने मोजलं नाही" असं लिहून पुढे जायचं. पावसात किंवा बुंधा ओला असताना तर अजिबात नको. ग्लोव्हज घातले तर हाताला काही कळत नाही, त्यामुळे तळवा हलका ठेवायचा, घासायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांचंच कधी झालंय ते बघून घ्या, आणि गंजका खिळा लागलाच तर लगेच साबणाने धुवून डॉक्टरकडे. खिळे उपटत बसू नका, तुम्ही मोजायला गेलाय.

रस्त्यावर जाताना त्याचा हात पकडून ओढू नका. त्याला तुमच्या कोपराच्या वरचा दंड धरू दे, तुम्ही अर्धं पाऊल पुढे. पायरी आली की "वर" किंवा "खाली" एवढंच सांगायचं. सकाळी सातच्या सुमाराला, त्यातही रविवारी, गेलात तर ट्रॅफिकही कमी आणि काठीचा आवाजही नीट ऐकू येईल.

झाडाचं नाव ओळखायचं काम सगळ्यांनी मिळून करा. पिंपळाच्या पानाचं लांब शेपटीसारखं टोक, कडुनिंबाच्या पानाची करवतीसारखी कड आणि वास, सप्तपर्णीची एका ठिकाणाहून निघणारी पानं (बहुतेक वेळा सात), उंबराची थेट खोडावर लागलेली फळं, निलगिरीचं चुरगाळलेलं पान, हे हाताला आणि नाकाला स्पष्ट कळतं. खाली पडलेलं पान मात्र शेजारच्या झाडाचं असू शकतं, म्हणून कुणीतरी त्याच झाडाची खालची फांदी वाकवून त्याच्या हातात द्या. सप्तपर्णीचं पान तोडलं की चीक येतो, तो हात डोळ्यांना लावायचा नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलते. पूर्ण सहभाग म्हणजे प्रत्येक काम त्यानेही केलंच पाहिजे असं नाही. वर शेंड्याकडे वाळलेल्या फांद्या किती, बांडगूळ आहे का, हे दिसणारेच बघणार, आणि चार फोटो हवेत तर तेही तुम्हीच काढणार. पण प्रोजेक्टचा मुख्य पुरावा त्याने स्वतः गोळा केलेला असावा आणि सगळी माहिती त्याला स्वतःला वाचता यावी, कुणाला "वाचून दाखव ना" न म्हणता. यातला पहिला भाग मुलं उत्साहाने करतात. अडतं ते दुसऱ्या भागात, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

नोंदी आणि फाइल

सगळ्यात मोठा घोळ तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच असणार, आत्ता उघडून बघ. वहीच्या पानाचा फोटो, सरांच्या नोटिशीचा फोटो, शीटचा स्क्रीनशॉट, खाली "हे बघा रे सगळ्यांनी". यातलं काहीही टॉकबॅक धड वाचत नाही. छापील मजकुराचा फोटो गूगल लेन्सने बऱ्यापैकी वाचता येतो पण हाताने लिहिलेलं मराठी आलं की गडबड. त्यामुळे ग्रुपचा नियम ठेवा, कामाची गोष्ट टाइप करून टाकायची, फोटो टाकलाच तर खाली दोन ओळीत त्यात काय आहे ते लिहायचं. सहा-सहा मिनिटांच्या व्हॉइस नोट्स पण नकोत, लोकांना वाटतं अंध मुलाला व्हॉइस नोट सोयीची, पण त्यात नेमकी तारीख शोधायची तर पूर्ण परत ऐकावी लागते, टाइप केलेला मेसेज तो स्क्रीन रीडरवर दुप्पट वेगाने ऐकून मोकळा होतो.

नोंदींसाठी एक गूगल फॉर्म करा, एका झाडाला एक फॉर्म. जागेवर फोनवरून शीट भरणं टॉकबॅकवर कटकटीचं असतं, फॉर्म सोपा जातो, एकापाठोपाठ एक प्रश्न येतात आणि तो बोलून किंवा टाइप करून भरू शकतो. सगळे फॉर्म आपोआप एका शीटमध्ये जमा होतात, ती नंतर लॅपटॉपवर एनव्हीडीएने वाचायची. शीटमध्ये पहिली ओळ कॉलमच्या नावांची, त्याखाली एका झाडाला एक ओळ, बस. सेल मर्ज करू नका, मधे रिकाम्या ओळी सोडू नका, आणि "लाल केलेली झाडं धोक्यात" असं रंगाने काही सांगू नका, कारण रंग आपणहून बोलला जात नाही. त्याऐवजी "अवस्था" नावाचा कॉलम घ्या आणि त्यात "धोक्यात" असा शब्द लिहा. अशी शीट असली की हिशोबाचं काम तो स्वतः करू शकतो. समजा 40 झाडं आहेत आणि खिळ्यांचा पक्का आकडा F कॉलममध्ये आहे, तर किती झाडांना निदान एक तरी खिळा आहे ते असं निघेल:

```
=COUNTIF(F2:F41,">0")
```

मोकळी माती D कॉलममध्ये असेल तर एक मीटरपेक्षा कमी किती ते असं:

```
=COUNTIF(D2:D41,"<100")
```

विश्लेषणाचा भाग त्याच्याकडे दे असं मी सुचवेन, अर्थात त्याला आवडत असेल तर.

आता अहवाल, आणि इथे एक खास आपल्या मराठीतली अडचण आहे. शेवटच्या आठवड्यात फाइल कॉलेजसमोरच्या डीटीपीवाल्याकडे जाते, तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप करतो, कागदावर छान दिसतं, पण ती फाइल एनव्हीडीएवर उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं ऐकू येतात. कारण त्या फाँटमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजी कीबोर्डचीच असतात, वर फक्त मराठी चित्र चढवलेलं असतं. युनिकोडमध्ये मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठतं. ओळखायचं कसं, तर फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करायची. मराठीच राहिली तर युनिकोड, इंग्रजी कचरा झाला तर नाही. पीडीएफ असेल तर आधी त्यातली ओळ सिलेक्ट होते का बघा, होत नसेल तर तो नुसता स्कॅन केलेला फोटो आहे. तुमचा मित्र टाइप करतो म्हणजे तो बहुधा युनिकोडमध्येच करत असेल, तेव्हा त्याचीच फाइल शेवटपर्यंत मूळ फाइल ठेवा आणि छपाईलाही तीच द्या, डीटीपीवाल्याला "परत टाइप करू नका" असं आधीच सांगा. वर्डमध्ये शीर्षकं नुसती बोल्ड न करता हेडिंग स्टाइलमध्ये ठेवलीत तर एनव्हीडीएचा ब्राउज मोड चालू करून नुसतं H दाबून तो एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ शकतो, वीस पानांच्या अहवालात याचा फार फरक पडतो.

प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर द्या. वर्डमध्ये फोटोवर राइट क्लिक केलं की Alt Text येतं. तिथे "झाडाचा फोटो" असं लिहिण्यात काही अर्थ नाही. "वडाच्या बुंध्यावर छातीच्या उंचीला तीन पत्र्याचे बोर्ड, एकाखाली एक, पेव्हर ब्लॉक बुंध्याला चिकटलेले" असं लिहा. म्हणजे फोटो ज्या कारणासाठी टाकलाय ते त्यात यायला हवं.

चार्ट मात्र करा, पण हाताने वाचता येईल असा. जाड कार्डशीटवर बार ग्राफ घ्या, बार पॉलिश पेपरच्या पट्ट्या कापून चिकटवा, दोन्ही अक्षांसाठी जाड दोरा फेव्हिकॉलने बसवा, आडव्या रेषांसाठी बारीक दोरा. चारपेक्षा जास्त बार नकोत आणि दोन बारांमध्ये बोटभर जागा सोडा, नाहीतर हाताला सगळं एकच वाटतं. तो ब्रेल वाचत असेल तर लेबलं त्यालाच स्लेट-स्टायलसने जाड कागदावर काढू दे आणि चिकटवा. रस्त्याचा नकाशाही असाच, दोऱ्याचा रस्ता आणि झाडांच्या जागी तुरीच्या डाळीचे दाणे, एक मीटर न मिळालेल्या झाडांना डाळीऐवजी मोठा राजमा. ग्राफ झाला की त्याला न सांगता हातात द्या आणि विचारा यातून काय कळतंय. त्याने "सगळ्यात उंच बार तिसरा" असं बरोबर सांगितलं तर ग्राफ जमला, बोटं अडखळली तर परत करा. दिसणाऱ्यांच्या डोळ्यांना सुंदर दिसणारे पण हाताला काहीच न सांगणारे चार्ट मी खूप बघितलेत.

सर आणि व्हायव्हा

सरांकडे तक्रारीच्या सुरात जाऊ नकोस, त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नसावं. पाचही जण मिळून जा, नवीन प्रश्न आणि कोण काय करणार याचं एक पान घेऊन. बोलणं तुझ्या मित्रालाच करू दे. दोन गोष्टी मागा: त्याला बाकीच्यांसारखेच प्रश्न विचारावेत, आणि अहवाल छापील प्रतीबरोबर वर्ड फाइलमध्येही घ्यावा. अडलंच तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 आहे, त्यातली 16 आणि 17 ही कलमं शिक्षणसंस्थांबद्दलच आहेत, विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करणं आणि अभ्यासक्रमात व परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करणं त्यात सांगितलंय. पण कायदा पहिल्याच वाक्यात काढू नका. बऱ्याचदा नीट विचार केलेलं एक पान बघूनच शिक्षक तयार होतात.

प्रेझेंटेशनमध्ये "इथे बघा", "हा आकडा", "हे लाल वालं" असले शब्द बोलायचे नाहीत, आकडा तोंडाने सांगायचा. तो त्याचा भाग एका कानात इअरफोन लावून, स्क्रीन रीडर ऐकत किंवा ब्रेल नोट्सवरून बोलू शकतो, पण ऐकत ऐकत बोलणं अवघड असतं, सवय लागते, म्हणून तो म्हणाला की मी मुद्दे पाठ करतो तर आग्रह करू नका. स्लाइड बदलायचा एक ठरलेला शब्द ठेवा. आणि तो ग्राफ टेबलावर ठेवा, त्याच्या हाताशी.

याच सदरात ऐकू न येणाऱ्या मैत्रिणीबद्दलही एक-दोघांनी विचारलं होतं, त्यांनाही हाच विषय चालेल. मोजमापात तिला काहीच अडत नाही, अडतं ते ग्रुपच्या गप्पांमध्ये, आणि रस्त्यावरच्या दुकानदारांच्या मुलाखती घेणार असाल तर त्यात. मुलाखतीचे प्रश्न आधीच मोठ्या अक्षरात कार्डांवर लिहा, तिने कार्ड दाखवून विचारावं, दुसऱ्याने उत्तर तिथल्या तिथे शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये टाइप करावं म्हणजे पुढचा प्रश्न ती उत्तर वाचून विचारू शकेल. मीटिंगमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं, तिच्याकडे तोंड करून, आणि खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही, कारण चेहरा काळोखात गेला की ओठ वाचता येत नाहीत. "नंतर सांगतो तुला" हे वाक्य त्या ग्रुपमधून बंद करा.

पाच आठवडे पुरतील. पहिला आठवडा बोलणं, सरांची परवानगी आणि टेप-काठी तयार करणं. दुसरा आणि तिसरा मोजणी, एका सकाळी आठ-दहा झाडांच्या वर जाऊ नका, हाताने नीट मोजायला वेळ लागतो आणि घाई केली की "तू राहू दे, मीच पटकन बघून लिहितो" सुरू होतं. हे वाक्य ऐकू आलं की समज गाडी रुळावरून उतरली, त्या दिवशी तिथेच थांबा. चौथा आठवडा शीट, ग्राफ आणि लिखाण. पाचवा दुरुस्त्यांचा.

40 झाडांना हात घालायच्या आधी एकाच झाडावर ट्रायल घ्या, कॉलेजच्या आवारातलंच घ्या, आणि फॉर्म त्याच्याच फोनवरून भरून बघा. फॉर्मचा क्रम, कॉलमची नावं, टेपच्या पिना, जे काही बदलावं लागेल ते तो तिथेच सांगेल.